कारखान्याला टाळं लागलं, पीएफचं काय?

नळेगावचा 'जय जवान जय किसान', लोह्याजवळचा 'कलंबर', नांदेड शहरातली उस्मानशाही मिल. लातूर-नांदेडकडच्या माणसाला ही नावं सांगितली की भोंगा आणि शिफ्ट आठवते, आणि त्यापाठोपाठ ते बंद पडणंही आठवतं. अशा प्रत्येक ठिकाणी कामगारांचा एक प्रश्न हमखास असतो: पगार बुडाला तर बुडाला, पण पीएफ आणि पेन्शन तरी मिळणार का?

उत्तर देण्याआधी पैसा नेमका कुठे आहे ते पाहावं लागतं. भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जमा झालेली रक्कम कारखान्याच्या मालकीची राहत नाही. मालकाचं दिवाळं निघो, बँक जप्ती आणो किंवा अवसायक नेमला जावो, खात्यात पोचलेल्या पैशाला कोणी हात लावू शकत नाही. पेन्शनही कारखाना देत नाही, 1995च्या कर्मचारी पेन्शन योजनेचा निधी देतो. कारखाना बंद पडल्यावर 'आता पेन्शन गेली' म्हणून हताश झालेल्यांनी एवढं तरी निर्धास्त राहावं.

काळजी आहे ती मधल्या पैशाची. पगारातून कापला, पण भरलाच नाही, तो हा पैसा. आजारी कारखाना सर्वात आधी इथेच हात मारतो. बँकेचा हप्ता चुकला तर बँक लगेच दारात येते, ऊसबिल थकलं तर शेतकरी रस्त्यावर येतो, पण पीएफ थकल्याचं कामगाराला महिनोन्महिने कळतही नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये असलेला कायम कामगार घ्या. त्याचे बारा टक्के, म्हणजे 1,800 रुपये कापले जातात आणि तेवढेच मालकाने घालायचे असतात. मालकाच्या वाट्यातले 1,250 पेन्शन निधीत जातात, उरलेले 550 पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला 3,600 रुपये पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरले पाहिजेत. दीड वर्ष भरणा झाला नाही तर एका माणसाचे 64,800 रुपये थकतात आणि अशा दोनशे कामगारांचे सुमारे एक कोटी तीस लाख. त्यावर वर्षाला बारा टक्के व्याज, आणि वर दंडात्मक नुकसानभरपाई.

आता समजा या कारखान्यावर बँकेचं चाळीस कोटींचं कर्ज आहे आणि यंत्रसामग्री व जमीन विकून वीसच कोटी आले. बँक म्हणेल, सगळं आमच्याकडे तारण आहे. इथे 1952च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याचं कलम 11 उभं राहतं. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाने थकीत पीएफचा पहिला बोजा आस्थापनेच्या मालमत्तेवर ठेवला आणि इतर कोणताही कायदा काहीही म्हणो, हे देणं सर्वांआधी भागवायचं असं ठरवलं. म्हणजे वीस कोटींतून आधी पीएफची थकबाकी, उरलेल्यातून बँक.

हा नियम किती पक्का आहे, याची कसोटी महाराष्ट्रातल्या साखरेवरच लागली. राज्य सहकारी बँकेने कारखान्यांच्या गोदामातली साखर तारण घेऊन कर्ज दिलं होतं. पीएफ अधिकाऱ्यांनी थकबाकीपोटी तीच साखर जप्त केली. तारण घेतलेल्या मालावर आपलाच हक्क आधी, असा बँकेचा युक्तिवाद होता. ऑक्टोबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. तारण साखरेवरही पीएफचाच हक्क आधी, आणि या हक्कात नुसती मुद्दल नाही, व्याज आणि नुकसानभरपाईही येते, असा निकाल दिला. मराठवाड्यातल्या प्रत्येक कामगार संघटनेने हा निकाल पाठ ठेवावा असा आहे.

कारखाना विकला किंवा भाडेपट्ट्याने दिला, तर? कलम 17-ब प्रमाणे जुन्या काळातल्या थकबाकीला जुना आणि नवा, दोन्ही मालक जबाबदार ठरतात. नव्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती असते, पण असते. 'ते आधीच्या संचालक मंडळाचं, आमचा संबंध नाही' हे उत्तर ऐकून घरी परतू नये.

पेन्शनच्या बाबतीत तर कायदा आणखी उदार आहे, पण फार थोड्यांना ते ठाऊक असतं. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. योजनेच्या व्याख्येत अंशदायी सेवा म्हणजे ज्या काळाचं अंशदान मिळालं आहे 'किंवा येणं आहे' ती. आपल्या उदाहरणातल्या माणसाचे नऊ वर्षांचे पैसे भरले आहेत आणि दीड वर्षाचे थकले आहेत असं धरा. नुसती भरलेली वर्षं मोजली तर त्याच्या हाती एकरकमी परतावा येतो आणि पेन्शन कायमची जाते. थकलेला काळ धरला की साडेदहा वर्षं होतात, ती अकरा मोजली जातात, आणि 15,000 गुणिले 11 भागिले 70 या सूत्राने महिन्याला 2,357 रुपयांची पेन्शन बसते. म्हणून थकबाकीचा निकाल लागण्याआधी घाईने परताव्याचा अर्ज भरू नका. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांनी आणखी एक लक्षात ठेवावं: हंगामातली काही महिन्यांचीच सेवा पेन्शनसाठी पूर्ण वर्ष धरली जाते.

सहकारी कारखान्याला दिवाळखोरी संहिता लागत नाही, तिथे सहकार कायद्याखाली अवसायक येतो. कंपनी असेल तर 2016ची संहिता लागते आणि तिच्या कलम 36 प्रमाणे पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीतून कामगाराला येणं असलेली रक्कम विक्रीच्या वाटणीत धरलीच जात नाही. जेट एअरवेजच्या प्रकरणात खरेदीदाराने पीएफ-ग्रॅच्युइटी पूर्ण दिली पाहिजे हा अपिलीय न्यायाधिकरणाचा आदेश जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला. मात्र दावा वेळेत नोंदवावा लागतो. पुनरुज्जीवनाची योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात नसलेले दावे संपतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही थकबाकीचा बोजा मालमत्तेवर आहे, पण तिथला अग्रक्रम याच दिवाळखोरी संहितेशी जोडला आहे. त्यामुळे तारखांना आता जास्तच महत्त्व आलं आहे.

एवढं सगळं असूनही कामगार हरतो, आणि माझ्या मते त्याचं मुख्य कारण कायदा नाही, कागद आहे. पहिला हक्क बजावायचा तर थकबाकी आधी ठरावी लागते. ती ठरवण्याची चौकशी कलम 7-अ खाली होते. अधिकाऱ्याला कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, पण तोवर कार्यालयाला कुलूप लागलेलं असतं, हजेरीपट आणि पगारपत्रकं सापडत नाहीत. मग कोणाचे किती महिने थकले हे सांगणार कोण? अशा वेळी कामगाराकडच्या पगारचिठ्ठ्या, बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, हजेरी कार्ड, नेमणुकीचं पत्र हाच पुरावा उरतो. पगारातून कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघातही ठरतो, पण गुन्हा सिद्ध करायलाही हेच कागद लागतात.

म्हणून दर महिन्याच्या 15 तारखेनंतर नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या किंवा उमंग अॅपवर पासबुक उघडा. सलग दोन महिने नोंद दिसली नाही, तर धुराडं पेटलेलं असतानाच पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकट्याने द्यायला घाबरत असाल तर दहा जणांनी मिळून द्या.