दोन हातांचे बळ आणि टॅपचा आटा

लोखंडी पट्टीत 8 मिलिमीटरच्या बोल्टसाठी आटे पाडायचे असतील, तर कारागीर आधी 6.8 मिलिमीटरचे भोक पाडतो, त्यात टॅप उभा धरतो आणि टॅपच्या चौकोनी डोक्यावर दोन मुठींचे हँडल बसवतो. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये सुरुवातीलाच बजावले जाते, की हँडल दोन्ही हातांनी आणि सारख्याच जोराने फिरवायचे. एका हातानेही टॅप फिरतो, मग हा आग्रह कशासाठी?

हँडलच्या दोन मुठींत 30 सेंटिमीटर अंतर आहे आणि प्रत्येक हात 20 न्यूटन, म्हणजे साधारण दोन किलो वजनाएवढा जोर लावतो आहे, असे धरू. एक हात पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो. बले सारखी, समांतर आणि उलट दिशेची आहेत, पण एका रेषेत नाहीत. अशा जोडीला बलयुग्म म्हणतात. दोन्ही बलांची बेरीज शून्य असल्याने टॅप कुठल्याच बाजूला ढकलला जात नाही. उरतो तो केवळ पीळ.

या पिळाचे माप, म्हणजे आघूर्ण, बल आणि बिंदूपासून बलाच्या रेषेपर्यंतचे लंबांतर यांच्या गुणाकाराने मिळते. टॅपच्या मध्यापासून मोजले तर प्रत्येक हाताचे 3 न्यूटन-मीटर, एकूण 6. आता बिंदू उजव्या मुठीवर घेऊ. उजव्या हाताचा आघूर्ण शून्य होतो, पण डाव्या हाताचे अंतर 30 सेंटिमीटर होते आणि उत्तर पुन्हा 6 येते. बिंदू उजव्या मुठीच्याही 10 सेंटिमीटर पलीकडे नेला, तर डाव्या हाताचे 8 होतात, आणि उजवा हात आता त्या बिंदूभोवती उलट दिशेने 2 देतो. आठातून दोन गेले, राहिले सहा.

हा आकड्यांचा योगायोग नव्हे. बिंदू सरकवला की एका बलाच्या आघूर्णात जेवढी भर पडते, तेवढीच घट दुसऱ्याच्या आघूर्णात होते, कारण सरकण्याचे अंतर दोघांना एकच आहे आणि बले सारखी पण उलट आहेत. हिशेबात शेवटी बिंदूचे स्थान राहतच नाही. राहते फक्त एक बल आणि दोन बलरेषांमधले अंतर.

बले असमान झाली, की ही सोय संपते. एका हाताने 25 आणि दुसऱ्याने 15 न्यूटन लावले, तरी मध्याभोवती आघूर्ण 6 न्यूटन-मीटरच भरतो. म्हणून फिरवणाऱ्याला काही बिघडले आहे असे वाटत नाही. पण 25 न्यूटनच्या मुठीपासून मोजले तर 4.5 येतात, 15 न्यूटनच्या मुठीपासून 7.5. बिंदूगणिक बदलणारे उत्तर सांगते, की इथे निव्वळ पीळ नाही. त्याच्यासोबत 10 न्यूटनचा आडवा रेटाही आहे.

एकाच हाताने काम केले तर हा रेटा 40 न्यूटनचा होतो, आणि तो फक्त टॅपलाच नव्हे, तर पट्टी पकडणाऱ्या व्हाइसलाही जाणवतो. भोक व्हाइसपासून 25 सेंटिमीटर लांब असेल आणि वापरातली मूठ त्याच्याही 15 सेंटिमीटर पलीकडे असेल, तर व्हाइसला 16 न्यूटन-मीटर पेलावे लागतात. हँडल अर्धा फेरा फिरून तीच मूठ व्हाइसच्या बाजूला आली, की 4 न्यूटन-मीटर, आणि तेही उलट दिशेने. म्हणजे टॅप एकाच दिशेने फिरत असताना पट्टी मात्र आळीपाळीने दोन्हीकडे हिसके खाते. दोन्ही हातांचा जोर सारखा असेल, तर भोक पट्टीत कुठेही असो, हँडल कोणत्याही स्थितीत असो, व्हाइसला 6 न्यूटन-मीटरच पेलावे लागतात.

लुई प्वाँसो या फ्रेंच गणितज्ञाने 1803 साली स्थितिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात बलयुग्माला स्वतंत्र स्थान दिले, ते याच गुणामुळे. दृढ वस्तूवर बलयुग्म आहे त्याच प्रतलात कुठेही हलवले तरी परिणाम बदलत नाही. आणि त्याला तोलायला एकटे बल कधीच पुरत नाही, कारण एकट्या बलाची बेरीज शून्य होत नाही. त्याला उलटे बलयुग्मच लागते. एका हाताच्या बलाकडेही असेच पाहता येते: टॅपच्या मध्याशी तेवढेच बल, आणि शिवाय एक बलयुग्म. आटे कापते ते बलयुग्म, टॅप वाकवते ते बल.

टॅपचे पोलाद कडक पण ठिसूळ असते. ते पीळ सोसते, वाकणे सोसत नाही. हँडल पट्टीच्या 8 सेंटिमीटर वर असेल, तर 40 न्यूटनचा रेटा भोकाच्या तोंडाशी टॅपला 3.2 न्यूटन-मीटरने वाकवू पाहतो. तुटलेला तुकडा भोकातच अडकतो, आणि तो इतका कडक असतो की साध्या ड्रिलने निघत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर कारागीर हँडल काढून टॅपला गुण्या लावतो, आणि मग तो चौथाई फेरा फिरवून पुन्हा लावतो. दोन्ही वेळा फट दिसली नाही, तर टॅप सरळ उतरतो आहे. फट दिसली, तर टॅप उलटा फिरवून बाहेर काढायचा आणि पुन्हा सरळ लावायचा. आणखी दोन-चार आटे पडल्यावर तो एका बाजूला दाबून सरळ करायला गेले, की बहुधा तिथेच तुटतो.