न शोधता सापडणारा सर्वांत लहान आकडा

पाककृतींची एखादी गजबजलेली वेबसाइट घ्या. हजारो कृती डेटाबेसमध्ये, म्हणजे डिस्कवर पडून असतात. प्रत्येक वाचकासाठी तिथवर जाऊन कृती काढून आणायची तर वेळ लागतो, म्हणून मोजक्या कृती सर्व्हरच्या मेमरीत हाताशी ठेवतात. या जागेला कॅशे म्हणतात. ती भरली की नवी कृती आत घेण्याआधी जुनी एखादी बाहेर काढावी लागते, आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो. काढायची कोणती?

सर्वांत रुळलेलं उत्तर एलआरयू या नावाने ओळखलं जातं: जिला सर्वांत जास्त काळ कोणी हात लावलेला नाही, ती काढा. हे लिहायला सोपं आणि बहुतेक वेळा पुरेसं असतं. पण एखाद्या शोधयंत्राचा बॉट रात्री येतो आणि साइटवरचं प्रत्येक पान एकेकदा उघडून जातो. एलआरयूच्या दृष्टीने त्या सगळ्या कृती ताज्या ठरतात, आणि दिवसभर मागणी असलेल्या कृती सकाळपर्यंत कॅशेतून नाहीशा होतात. एलएफयू ही पद्धत इथे टिकते. ती प्रत्येक कृती किती वेळा मागितली गेली ते मोजते आणि सर्वांत लहान आकड्याची कृती काढते. बॉटने उघडलेल्या कृतींचा आकडा एकच राहतो, त्यामुळे त्या एकमेकींनाच बाहेर ढकलत राहतात आणि जुन्या लाडक्या कृती जागच्या जागी राहतात.

मोजणं सोपं, पण सर्वांत लहान आकडा शोधायचा कसा? दरवेळी सगळी यादी चाळायची तर दहा लाख नोंदींसाठी दहा लाख तुलना. पाठ्यपुस्तकी उत्तर हीप या रचनेचं आहे. तिच्यात सर्वांत लहान आकडा कायम माथ्यावर असतो. पण कुठलाही आकडा बदलला की नोंद पातळ्यांमधून सरकवावी लागते, आणि दहा लाख नोंदींना अशा सुमारे वीस पातळ्या होतात. कॅशेत आकडा बदलतो कधी? दर वाचनाला. म्हणजे जिचं कामच वेग देणं आहे, ती प्रत्येक वाचनावर कर लावते. एलएफयू मागे पडण्याचं हे एक कारण होतं.

2010 च्या ऑगस्टमध्ये केतन शाह, अनिर्बन मित्रा आणि ध्रुव मतानी यांनी एका छोट्या निबंधात दाखवलं, की इथे हीपची गरजच नाही. वाचन, भरती आणि हकालपट्टी ही तिन्ही कामं स्थिर वेळेत होतात, म्हणजे कॅशेत शंभर नोंदी असोत वा एक कोटी, लागणाऱ्या पावलांची संख्या वाढत नाही. (हॅश टेबलचा वेग सरासरीने स्थिर धरलेला असतो, एवढी अट त्यात आहेच.)

युक्तीचं मूळ एका साध्या निरीक्षणात आहे. हीप कुठल्याही बदलासाठी तयार असते: आकडा तीनावरून तीनशेवर गेला तरी ती नोंदीची नवी जागा शोधून देते. पण इथे असं कधी होतच नाही. एका वाचनाने आकडा नेमका एकाने वाढतो, आणि नवी नोंद नेहमी एकापासूनच सुरुवात करते. मग समान आकड्याच्या नोंदी एकेका कप्प्यात ठेवाव्यात. एक वेळा मागितलेल्यांचा कप्पा, दोन वेळांचा, तीन वेळांचा. वाचन झालं की नोंद आपल्या कप्प्यातून निघते आणि शेजारच्या कप्प्यात जाते. जागा ठरलेलीच असल्याने शोधायचं काहीच उरत नाही.

प्रत्येक कप्पा आतून दुहेरी साखळी असतो: प्रत्येक नोंदीला मागची आणि पुढची दोन्ही ठाऊक असतात, त्यामुळे मधली कडी काढायची तर फक्त दोन शेजाऱ्यांची गाठ घालून द्यायची. नवी येणारी नोंद कप्प्याच्या शेवटी बसते. म्हणून एकाच आकड्याच्या दोघांत बरोबरी झाली, तर पुढे उभी असलेली, म्हणजे जास्त काळ न वापरलेली, आधी जाते. थोडक्यात, प्रत्येक कप्प्याच्या आत एक छोटा एलआरयू दडलेला आहे. सोबत एक हॅश टेबल असतं, जे कृतीच्या नावावरून तिची कडी थेट दाखवतं, आणि सर्वांत लहान भरलेला कप्पा कोणता, हे सांगणारा एक आकडा. त्याला किमान म्हणू.

आता तीन कृतींचीच जागा असलेली कॅशे घेऊन चालवून पाहू. मोदक, पोहे आणि थालीपीठ या क्रमाने तिघं आत येतात. तिघंही पहिल्या कप्प्यात, किमान 1. मग मोदक दोनदा वाचले जातात आणि पोहे एकदा. मोदक तिसऱ्या कप्प्यात पोहोचतात, पोहे दुसऱ्यात, थालीपीठ पहिल्यातच राहतं. आता साबुदाण्याची खिचडी हवी आहे आणि जागा नाही. किमान 1 म्हणतो, पहिल्या कप्प्यात पुढे थालीपीठ आहे, ते जातं. खिचडी पहिल्या कप्प्यात येते.

लगेच कोणीतरी खिचडी पुन्हा उघडतं. ती दुसऱ्या कप्प्यात पोह्यांच्या मागे जाऊन बसते आणि पहिला कप्पा रिकामा होतो. किमान कप्पाच रिकामा झाला, तर नवं किमान शोधावं लागेल, असं वाटतं. लागत नाही. जी नोंद आत्ता निघाली तीच शेजारच्या कप्प्यात गेली आहे, म्हणजे तो नक्की भरलेला आहे. किमान 2.

पुढे थालीपीठ पुन्हा मागितलं जातं. दुसऱ्या कप्प्यात पुढे पोहे आहेत, ते जातात. याच क्षणी एलआरयूने मोदक काढले असते, कारण त्यांना सर्वांत आधी हात लागला होता. तीन वेळा मागणी असलेली कृती घालवून तिने दोनवाली ठेवली असती. थालीपीठ पहिल्या कप्प्यात बसतं आणि किमान पुन्हा 1 होतं. नव्याचा आकडा एकच असल्याने इथेही शोध नाही.

पायथनमध्ये वाचनाचा गाभा एवढाच आहे. `bucket` म्हणजे कप्पे, त्यातला प्रत्येक एक `OrderedDict`:

```python
def touch(key):
    global minf
    f = freq[key]
    del bucket[f][key]
    if not bucket[f]:
        del bucket[f]
        if minf == f:
            minf = f + 1
    bucket[f + 1][key] = True
    freq[key] = f + 1
```

नोकरीच्या मुलाखतींत हा प्रश्न आवडीने विचारला जातो आणि चुका बहुधा ठरलेल्या जागी होतात. किमान वाढवायचं राहिलं, तर ते रिकाम्या कप्प्याकडे बोट दाखवत राहतं. प्रोग्रॅम तिथे कोसळला तर नशीब. कोणी काळजीपोटी 'कप्पा रिकामा असेल तर सोडून दे' अशी ओळ टाकली असेल, तर काहीच बाहेर पडत नाही आणि तीनांच्या जागेत चौघं राहू लागतात. दुसरी चूक क्रमाची. नव्याला आधी आत घेतलं आणि मग किमान कप्प्यातून काढलं, तर वरच्या उदाहरणात थालीपीठ आत येताच स्वतःच बाहेर जातं. त्यामुळे आधी हकालपट्टी, मग भरती. तिसरी चूक फसवी आहे, कारण उत्तर बरोबरच येतं. `OrderedDict` ऐवजी पायथनचा साधा `dict` वापरून `next(iter(d))` ने पहिली नोंद काढत राहिलं, तर पुसलेल्या नोंदींच्या खुणा सुरुवातीला साचतात आणि पहिली जिवंत नोंद गाठायला दरवेळी त्या ओलांडाव्या लागतात. स्थिर वेळेचा दावा तिथे गुपचूप गळून पडतो.

याहून महत्त्वाची अडचण मुलाखतीत सहसा निघत नाही. किमानाचा आकडा सांभाळण्याची युक्ती चालते, ती नोंदी केवळ हकालपट्टीनेच बाहेर जातात आणि मागोमाग नवी येते म्हणून. प्रत्यक्षात नोंदींची मुदत संपते, कोणी कृती दुरुस्त केली की तिची जुनी प्रत पुसावी लागते. समजा किमान कप्प्यातली एकुलती नोंद अशी पुसली गेली आणि पुढचा भरलेला कप्पा थेट पन्नासावा आहे. किमान एकेक करून पन्नासपर्यंत चालत न्यावं लागेल. शाह, मित्रा आणि मतानी यांची मूळ रचना इथे सरस ठरते. त्यांनी कप्पेच साखळीत ओवले आहेत. फक्त भरलेले कप्पे साखळीत असतात, प्रत्येकाला पुढचा ठाऊक असतो, रिकामा झालेला गळतो आणि साखळीचं टोक म्हणजेच किमान. मोजक्या ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण खऱ्या कामासाठी मी हीच रचना निवडेन.

वेगाचा प्रश्न असा सुटला, तरी एलएफयूचा स्वभावदोष त्याने जात नाही. मोजणीला विसरणं माहीत नाही. गणेशोत्सवात मोदकांची कृती पाच हजार वेळा उघडली गेली. दिवाळी आली, मोदक कोणी विचारत नाही, तरी ते पाच हजाराच्या कप्प्यात ठाण मांडून आहेत. चकलीला मात्र शून्यातून वर यायचं आहे, आणि पहिल्या कप्प्यातली गर्दी तिला दुसऱ्या वाचनाआधीच बाहेर ढकलू शकते. दुखणं ओळखायचं तर वरच्या कप्प्यांतल्या नोंदी शेवटच्या कधी वाचल्या गेल्या ते पाहावं. त्या तारखा जुन्या होत जात असतील आणि कॅशेतून भागणाऱ्या मागण्यांचं प्रमाण घसरत असेल, तर जागा माजी लोकप्रियांनी अडवली आहे. सगळे आकडे अधूनमधून निम्मे करता येतात, पण त्यासाठी प्रत्येक नोंदीला हात लावावा लागतो, आणि तेवढ्या वेळापुरता स्थिर वेळेचा करार मोडतो.

रेडिस या लोकप्रिय सॉफ्टवेअरने 2017 मध्ये, 4.0 या आवृत्तीत एलएफयू आणलं, तेव्हा कप्पे वापरलेच नाहीत. प्रत्येक नोंदीला फक्त आठ बिटांचा, 255 वर थांबणारा आकडा दिला. तो दर वाचनाला वाढत नाही. जितका मोठा, तितकी वाढण्याची शक्यता कमी, त्यामुळे नेहमीच्या सेटिंगमध्ये तो सुमारे दहा लाख वाचनांनंतर भरतो. वापर थांबला की मिनिटामिनिटाला तो उतरतो. नवी नोंद पाचपासून सुरू होते, म्हणजे चकलीला श्वास घ्यायला थोडी सवड मिळते. आणि हकालपट्टीच्या वेळी सगळ्यांत लहान कोण हे पाहण्याऐवजी सहज हाताला लागलेल्या पाच नोंदींतली सर्वांत लहान काढली जाते. उत्तर अंदाजे, पण साखळ्यांचा खर्च नाही.

म्हणून मागणीचा कल महिनोन्‌महिने सारखा राहत असेल आणि नेमकं उत्तर हवं असेल, तर कप्प्यांची रचना घ्यावी. मागणी सणासुदीनुसार बदलत असेल तर विसरण्याची सोय असलेलीच पद्धत लागते. आणि कप्पे स्वतः लिहिणार असाल, तर सगळी यादी चाळणारी संथ, साधी आवृत्तीही शेजारी लिहा. तीन जागा, पाच कृती आणि काही हजार यादृच्छिक मागण्या दोन्हींना द्या, आणि दर मागणीनंतर आत कोण उरलं ते ताडून पाहा. जागा मुद्दाम इतक्या कमी ठेवा, कारण कप्पे वारंवार रिकामे झाल्याशिवाय किमानाच्या चुका बाहेर पडत नाहीत.