लोगोवाला मेसेज सगळ्यांना का दिसत नाही?

पुण्याहून कोल्हापूरला बस चालवणारी एखादी कंपनी प्रवाशांना आदल्या रात्री मेसेज धाडते, असं समजू या: ‘तुमची कोल्हापूर बस उद्या सकाळी ६.३० वाजता स्वारगेटहून सुटेल.’ काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा सगळं धरून ही ६० चिन्हं झाली. एका एसएमएसमध्ये इंग्रजी मजकुराची १६० चिन्हं मावतात, पण देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी मर्यादा ७० वर येते. पुढे ‘तिकीट रद्द करायचं असल्यास’ असं लिहायला घेतलं, तर ‘रद्द’मधल्या शेवटच्या ‘द’लाच मजकूर ७० च्या पलीकडे जातो. मग एका मेसेजचे दोन तुकडे होतात आणि कंपनीला पैसेही दोन एसएमएसचे पडतात.

हाच निरोप आरसीएसवरून गेला तर प्रवाशाला कंपनीचा लोगो, पूर्ण नाव, बसचं चित्र आणि खाली ‘नकाशा पाहा’, ‘तिकीट रद्द करा’ अशी बटणं दिसतात. आरसीएस म्हणजे जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने एसएमएसच्या पुढची पायरी म्हणून पुरस्कारलेली पद्धत. वेगळं ॲप न घेता, फोनच्या मेसेजेसच्या पेटीतच ती चालते.

माझ्या मते यातली चित्रं आणि बटणं दुय्यम आहेत. महत्त्वाचं आहे ते नाव. एसएमएसवर पाठवणारा सहा अक्षरांच्या हेडरमागे असतो, आणि २०२५ पासून त्याला शेपूट जोडलं जातं: जाहिरातीला P, सेवेला S, व्यवहाराला T, सरकारी निरोपाला G. शेपटावरून मेसेजचा प्रकार कळतो, पण ती सहा अक्षरं नेमकी कुणाची, हे सामान्य माणसाने ओळखायचं कसं? आरसीएसवर कंपनीची पडताळणी झाल्यावरच नावाशेजारी खूण येते. नावावर बोट ठेवलं की कंपनीचा फोन आणि वेबसाइटही दिसते. मात्र ही खूण फक्त ओळखीची आहे, मेसेज कामाचा असल्याची नव्हे. भारतात जाहिरातींचा इतका भडिमार झाला होता की २०२२ मध्ये गूगलला आरसीएसवरच्या जाहिराती काही काळ थांबवाव्या लागल्या.

आता आपल्या बसमधले तीन प्रवासी घेऊ. पहिलीकडे अँड्रॉइड आहे, गूगल मेसेजेस हेच तिचं मुख्य मेसेज ॲप आहे, आरसीएस चालू आहे आणि नेटही. तिला लोगोसकट सगळं मिळतं. दुसऱ्याकडे आयफोन आहे. त्याला iOS 18 किंवा त्यापुढची आवृत्ती तर लागतेच, शिवाय त्याच्या सिमकंपनीनेही आयफोनवर आरसीएस सुरू केलेलं असावं लागतं. ते नसेल तर सेटिंग्जमध्ये पर्यायच उमटत नाही. मेसेज धाडण्याआधी कंपनीची यंत्रणा हा नंबर आरसीएस घेऊ शकतो का, हे विचारते. उत्तर नकारार्थी आलं की साधा एसएमएस जातो.

खरी पंचाईत तिसऱ्याची. त्याचं आरसीएस चालू आहे, पण डेटा संपलाय. विचारणा केली तर यंत्रणा ‘हो, घेऊ शकतो’ म्हणते, मेसेज निघतो आणि वाटेतच थांबतो. एसएमएसला डेटा लागत नाही, आरसीएसला डेटा किंवा वाय-फाय हवंच. शहाणी कंपनी मुदत ठरवते: अर्ध्या तासात पोच आली नाही तर आरसीएस मागे घ्यायचा आणि एसएमएस पाठवायचा. मागे न घेता नुसताच एसएमएस पाठवला, तर डेटा आल्यावर तोच निरोप पुन्हा येतो, कदाचित बस सुटून गेल्यावर. बँकेच्या ओटीपीला तर अर्धा तासही परवडत नाही. तिथे मुदत काही सेकंदांचीच ठेवावी लागते.

म्हणून लोगो नाही एवढ्यावरून मेसेज खोटा ठरवू नये. आपल्या फोनचं काय आहे हे पाहायचं, तर अँड्रॉइडवर गूगल मेसेजेस उघडून वरच्या प्रोफाइल चित्रावर दाबा, Messages settings मध्ये जा आणि RCS chats उघडा. तिथे Connected दिसलं की काम झालं. Setting up वरच अडकून राहिलं असेल, तर बहुधा नंबरची पडताळणी पुरी झालेली नसते. पडताळणीसाठी फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवू शकतो. सिमवर बाहेर एसएमएस पाठवण्यापुरतेही पैसे नसतील तर गाडी तिथेच अडते.

आणखी दोन गोष्टी. आपण मेसेज उघडला की नाही, हे एसएमएसवर कंपनीला कळत नाही. आरसीएसवर कळू शकतं. शिवाय मित्रांबरोबरच्या आरसीएस गप्पांना मिळू शकणारं दोन्ही टोकांपर्यंतचं एन्क्रिप्शन कंपन्यांच्या मेसेजना नसतं. तेव्हा तिकडे पिन किंवा पासवर्ड लिहू नका, खूण असली तरी.

फोन बदलताना, विशेषतः सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घालणार असाल तर, आधी जुन्या फोनवरचं आरसीएस बंद करा. नाहीतर यंत्रणा काही काळ त्या नंबरला आरसीएसवालाच समजते आणि मेसेज जुन्या पत्त्यावर जात राहतात. जुना फोन हाताशी नसेल, तर messages.google.com/disable-chat या पानावर नंबर टाकून ते बंद करता येतं.