राउटरच्या पाठीमागची यूएसबी खाच

घरातल्या राउटरच्या मागे यूएसबीची खाच असेल, तर तिथे हार्ड डिस्क लावून ती सगळ्यांना वापरता येते. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये `\\192.168.1.1` असा राउटरचा पत्ता टाकला की डिस्क दिसते. (काही राउटरचा पत्ता वेगळा असतो, तो खालच्या लेबलवर छापलेला सापडतो.)

वेग मात्र बेताचाच मिळतो. लग्नाचं 10 जीबीचं चित्रीकरण आमच्या डिस्कवर पाठवलं, तेव्हा वेग सेकंदाला 11 एमबीच्या वर जाईना. पंधरा मिनिटं लागली. तीच डिस्क थेट लॅपटॉपला जोडली, तर दोन मिनिटांत काम झालं. दोष डिस्कचा नव्हता. राउटरची लॅन खाच 100 एमबीपीएसची होती, आणि आठ बिटांचा एक बाइट धरला तर तिची कमाल साडेबाराच एमबी होते.

गिगाबिट राउटरवरही यूएसबी 2.0 असेल तर तीस-पस्तीसच्या पुढे सहसा जाता येत नाही. शिवाय राउटरचा छोटा प्रोसेसर फाइली वाटताना दमतो. अडथळा वायफायचा आहे का, हे लॅन केबल लावून पाहावं. वेग वाढला तर वायफाय, नाहीतर राउटर.

प्रिंटरला हा वेग पुरून उरतो, कारण पानाचा मजकूर थोडाच असतो. पण ऑल-इन-वन यंत्राचं स्कॅनिंग अनेकदा चालत नाही, म्हणून आधी राउटरच्या माहितीपत्रकात आपलं मॉडेल शोधा.