पाहुण्यांचा परिचय आणि आभार: स्लाइडवरून काय घ्यावे, काय सोडावे

समजा, पौडच्या एखाद्या महाविद्यालयात मुळशी सत्याग्रहावर व्याख्यान आहे. व्याख्यात्या बाईंनी स्लाइड आदल्या दिवशी पाठवल्या आहेत. एका स्लाइडवर त्यांची माहिती आहे, दुसरीवर विषयाचे मुद्दे. परिचय आणि आभार तुमच्याकडे आहेत.

गैरसमज: माहितीची स्लाइड वाचून दाखवली की परिचय झाला.

वस्तुस्थिती: त्या स्लाइडवर पदव्या, पुरस्कार, समित्या असे सगळेच असते. त्यातून आजच्या विषयावर बोलण्याचा अधिकार दाखवणाऱ्या दोन-तीन गोष्टीच घ्या. उदाहरणार्थ: ‘आजच्या व्याख्यात्या महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासाच्या अभ्यासक आहेत. धरणग्रस्त कुटुंबांच्या आठवणी त्यांनी गावोगाव फिरून नोंदवल्या आहेत.’ बाकीचे पुरस्कार गाळले तरी अपमान होत नाही. सगळे मिळून शंभर-सव्वाशे शब्द पुरतात. सावकाश बोलले तर मिनिटभराचा मजकूर होतो. स्लाइड जुनी असू शकते, म्हणून सध्याचे पद आणि नावाचा उच्चार बाईंनाच फोन करून विचारा.

गैरसमज: विषयाचे मुद्दे आधी सांगितले तर श्रोत्यांना सोपे जाते.

वस्तुस्थिती: त्याने व्याख्यान आधीच फुटते. मुद्द्यांच्या स्लाइडवर ‘टाटा कंपनीचे धरण’, ‘एप्रिल १९२१’, ‘सेनापती बापट’, ‘१९२४ : अखेर’ असे लिहिलेले असेल, तर त्यातून एकच प्रश्न काढा: ‘मुंबईच्या विजेसाठी जमिनी बुडणार म्हणून मावळातले शेतकरी १९२१मध्ये उभे राहिले. धरण शेवटी झालेच. मग त्या लढ्याने काय मिळवले?’ उत्तर बाईंसाठी सोडा आणि लगेच त्यांना बोलायला विनंती करा.

गैरसमज: स्लाइडवरचे वाक्य जसेच्या तसे म्हणायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: ‘जगातला पहिला धरणविरोधी लढा’ हे वर्णन मुळशीबद्दल नेहमी होते. पण अमेरिकेतल्या हेच हेची खोऱ्यातील धरणाला निसर्गसंरक्षक जॉन म्यूर यांनी त्याआधीच विरोध केला होता. त्या धरणाला १९१३मध्ये मंजुरी मिळाली. पहिला कोणता हे ‘लढा’ कशाला म्हणायचे यावर ठरते आणि तो मुद्दा बाई पुराव्यानिशी मांडतील. परिचयात ‘सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांपैकी एक’ एवढेच म्हणा.

गैरसमज: आभार आदल्या रात्रीच पूर्ण लिहिता येतात.

वस्तुस्थिती: नावे आणि त्यांचा क्रम आधी लिहून ठेवता येतो: व्याख्यात्या, अध्यक्ष, मदत करणारे, श्रोते. पण व्याख्यात्यांच्या आभाराची ओळ कोरी ठेवावी लागते. वेळ संपत आली की शेवटच्या स्लाइड अनेकदा राहून जातात आणि न सांगितलेल्या मुद्द्याचे आभार मानले की सभागृहाला ते लगेच कळते. व्याख्यान सुरू असताना वही उघडी ठेवा आणि स्लाइडवर नसलेली एक गोष्ट टिपा. बाई सत्याग्रहातल्या स्त्रियांविषयी बोलल्या असतील, तर म्हणा: ‘या लढ्यातल्या स्त्रियांकडे तुम्ही आमचे लक्ष वेधलेत, त्याबद्दल मनापासून आभार.’ पुन्हा सारांश सांगू नका.

स्लाइड आल्या की परिचय त्याच दिवशी लिहून काढा. आभाराची ती एक ओळ मात्र व्याख्यान ऐकल्यावरच लिहा.