फेडलेले कर्ज आणि एक शेरा

बोळिंजच्या एका कामगार बंधूने दुचाकीचे कर्ज पुरते फेडले, तरी घरासाठी कर्ज मिळेना. वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा सिबिलचा अहवाल आम्ही वाचला. त्यात दरमहा एक चौकट असते : `000` म्हणजे हप्ता वेळेवर, `030` म्हणजे तीस दिवस थकलेला. असे थकलेले हप्ते गुण खाली आणतात. याची तर सारी शून्ये! मात्र खात्यावर `Settled` हा शेरा होता. म्हणजे सावकाराने तडजोडीत कमी पैसे घेतले. हे धादांत खोटे. बेबाकी दाखला जोडून तक्रार गुदरली, शेरा निघाला. तीस दिवसांत निकाल न लागल्यास दररोज १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खरोखर चुकलेला हप्ता मात्र तक्रारीने पुसला जात नाही.