गुलाबी लोणार आणि चार ओळींची चौकट

‘तुम्हाला माहीत आहे का?’ या मथळ्याखाली फोनवर फिरणाऱ्या मजकुरांमध्ये लोणारचं सरोवर हमखास भेटतं. मजकूर साधारण असा असतो:

‘तुम्हाला माहीत आहे का? महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात लोणार नावाचे एक प्राचीन गाव आहे. येथे सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी उल्कापात होऊन एक विशाल सरोवर निर्माण झाले. बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे जगातील एकमेव उल्का-विवर आहे. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले आणि शास्त्रज्ञही थक्क झाले! स्रोत: नासा.’

वाचणाऱ्याच्या हाती यातून काय लागतं? पहिली दोन वाक्यं भूगोलाच्या पुस्तकातली आहेत. ज्याने चमकून थांबावं ते गुलाबी पाणी सगळ्यात शेवटी येतं, आणि तिथेही ते का गुलाबी झालं हे कुणी सांगत नाही. थक्क होण्याचं काम शास्त्रज्ञांवर सोपवून मजकूर मोकळा होतो. बरेच वाचक तिथवर पोहोचतही नाहीत, कारण फोनच्या पडद्यावर मजकूर उघडण्याआधी जेमतेम एक-दोन ओळी दिसतात आणि त्यातला मोठा हिस्सा ‘तुम्हाला माहीत आहे का’ याच शब्दांनी खाल्लेला असतो.

असा मजकूर नव्याने लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो शेवटचं वाक्य उचलून वर ठेवण्याचा. ‘लोणारचं पाणी गुलाबी झालं!’ पण ही बातमी २०२०मध्येच घरोघरी पोहोचली होती. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीने मे आणि जूनमधली उपग्रहचित्रं शेजारी शेजारी छापली होती. आधीच्या चित्रात सरोवर हिरवट आहे, नंतरच्यात गुलाबी. चित्रं पाहिलेल्याला ‘गुलाबी झालं’ हे वाक्य आता दचकवत नाही. मग या गोष्टीत खरोखर अनपेक्षित काय आहे, ते शोधावं लागतं. त्यासाठी ज्यांनी पाणी तपासलं त्यांच्यापर्यंत जावं लागतं. म्हणजे स्रोत शोधणं आणि धक्का शोधणं हे एकच काम आहे. स्रोत शेवटी चिकटवायची पट्टी मानणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

पाणी कुणी तपासलं? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं होतं. वनविभागाने नमुने गोळा केले आणि ते नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. जुलै २०२० मध्ये आघारकर संस्थेचे संचालक डॉ. प्रशांत ढाकेफळकर यांनी निष्कर्ष वृत्तसंस्थेला सांगितला. हा रंग हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा होता. अतिशय खाऱ्या पाण्यात ते वाढतात आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. लोणारचं पाणी मुळातच खारं आणि अल्कधर्मी आहे. त्यात उन्हाळ्याने पातळी खाली गेली, बाष्पीभवन वाढलं, क्षारांचं प्रमाण चढलं आणि या जीवांना हवी तशी परिस्थिती मिळाली. सुरुवातीला एका शेवाळावर संशय होता, तो मागे पडला.

त्याच माहितीत एक तपशील आहे, जो बहुतेक बातम्यांमध्ये पाचव्या-सहाव्या परिच्छेदात गेला. नमुना काही काळ हलवाहलव न करता ठेवला तेव्हा गुलाबी सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ, पारदर्शक झालं. रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्या जीवांचा होता.

अनपेक्षित ते हे. गुलाबी सरोवराचं चित्र ज्याने शंभरदा पाहिलं आहे, त्यालाही हे नवं आहे. म्हणून चौकट अशी लिहावी:

‘लोणारचं गुलाबी पाणी प्रयोगशाळेत स्थिर ठेवलं, तेव्हा रंग तळाशी बसला आणि पाणी नितळ झालं. २०२० च्या उन्हाळ्यात दिसलेला तो रंग पाण्याचा नव्हता, खारटपणा वाढल्यावर फोफावलेल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा होता. (तपासणी: आघारकर संशोधन संस्था, पुणे. संचालक डॉ. प्रशांत ढाकेफळकर यांनी वृत्तसंस्थेला दिलेली माहिती, जुलै २०२०.)’

इथे काही गोष्टी जाणूनबुजून केल्या आहेत. मराठी वाक्यात कुठे, कधी, कुणामुळे हे सगळं आधी येतं आणि क्रियापद शेवटी. ‘बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील सरोवराच्या जून २०२० मध्ये गुलाबी झालेल्या पाण्याच्या नमुन्याचा…’ असं लिहीत गेलं, तर मुद्दा येईपर्यंत वाचकाचा श्वास संपतो. यावर उपाय एकच: पहिलं वाक्य आखूड ठेवायचं आणि तारीख, कारण, जीवाचं नाव दुसऱ्या वाक्यात ढकलायचं. पहिल्या वाक्यात फक्त इतकंच हवं, की ते एकट्याने वाचलं तरी अर्थ पुरा व्हावा आणि खोटंही ठरू नये.

क्रियापदाचा काळही बघायला हवा. ‘रंग तळाशी बसतो’ असं लिहिलं तर तो कायमचा नियम होतो आणि ‘बसला’ लिहिलं तर एका तपासणीतलं निरीक्षण. आपल्या हाती निरीक्षण आहे, म्हणून ‘बसला’. अशा छोट्या जागी स्रोताची मर्यादा वाक्यात उतरते आणि वाक्य बोजडही होत नाही.

‘स्रोत: नासा’ मी काढून टाकलं, आणि ते महत्त्वाचं आहे. नासाने चित्रं दाखवली, लोणारच्या पाण्याचा नमुना तपासला तो पुण्यात. ज्या विधानाशेजारी स्रोत लिहिला आहे तेच विधान त्या स्रोतात असायला हवं. नाव कितीही मोठं असलं, तरी त्या नावाखाली जाऊन ते वाक्य सापडत नसेल तर तो स्रोत नव्हे. ‘स्रोत: इंटरनेट’ किंवा ‘एका संशोधनानुसार’ यांनी तर काहीच कळत नाही. कुणी सांगितलं, कुठे सांगितलं आणि केव्हा, एवढं मिळालं की वाचक स्वतः जाऊन बघू शकतो. साल विशेष लागतं, कारण विज्ञानातली विधानं बदलतात.

लोणारचं वयच घ्या. मूळ मजकुरातला ५२ हजार वर्षांचा आकडा हवेतला नाही. आघाताच्या उष्णतेने खडक वितळून बनलेल्या काचेवर तप्तदीप्ती पद्धतीने केलेल्या मोजणीतून तो आला. ती काच शेवटची तापली त्याला किती काळ लोटला, हे या पद्धतीने मोजतात. पण २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाचे फ्रेड जुर्दां आणि सहकाऱ्यांनी ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने मोजलेलं वय प्रसिद्ध केलं. ते निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार वर्षं इकडे किंवा तिकडे. म्हणजे विवर दहापटीहून अधिक जुनं. तरीही ५२ हजारांचा आकडा फिरतोच आहे, कारण त्याच्याशेजारी कुणी साल लिहिलेलं नसतं.

आता हीसुद्धा चमकवणारी गोष्ट आहे. पण गुलाबी पाण्याच्या चौकटीत ती घालू नये. एका चौकटीत दोन धक्के दिले की दोन्ही बोथट होतात, शिवाय कंसातला स्रोत नेमका कोणत्या विधानाचा हे वाचकाला कळत नाही. वयाची वेगळी चौकट करावी:

‘लोणारचं विवर समजलं जात होतं त्याच्या दहापट जुनं असावं. पूर्वी त्याचं वय ५२ हजार वर्षं धरत. आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. (जुर्दां आणि सहकारी, जिऑलॉजी, २०११.)’

‘असावं’ हा शब्द काढून टाकायचा मोह संपादकाला होतो, कारण त्याने वाक्याची धार कमी झाल्यासारखी वाटते. तो राहू द्यावा. दोन पद्धतींनी दोन आकडे दिले आहेत आणि नवा आकडा अधिक भरवशाचा मानायला कारणं आहेत. ‘असावं’ एवढंच सांगतो.

राहिलं ‘जगातील एकमेव’. सगळ्यात जास्त टाळ्या याच शब्दाला मिळतात आणि स्रोत शोधायला गेलं की सगळ्यात आधी हाच गळून पडतो. लोणारचा आघात बेसॉल्टमध्ये झाला हे खरं. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी इथल्या खडकांत आघाताच्या प्रचंड दाबाच्या खुणा दाखवल्या आणि हे ज्वालामुखीचं मुख नव्हे, हे पक्कं झालं. पण ब्राझीलमध्ये पाराना खोऱ्याच्या बेसॉल्टमध्येही व्हार्जिआँव आणि व्हिस्टा अलेग्रे अशा आघाताच्या रचना आहेत. त्या फार झिजलेल्या आहेत आणि लोणारचा वाडगा आजही जवळपास अखंड दिसतो. तेव्हा ‘बेसॉल्टमधलं, उत्तम टिकलेलं विवर’ असं लिहिता येतं, ‘एकमेव’ लिहिता येत नाही. चंद्राचे काळे डाग बेसॉल्टचेच आहेत, त्यामुळे चंद्रावरची विवरं समजून घ्यायला लोणारचा अभ्यास होतो. ‘एकमेव’पेक्षा हे कितीतरी रंजक आहे, आणि खरं आहे.

‘एकमेव’, ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’ हे शब्द दिसले की मी आधी तेच तपासते. बाकी मजकूर बरोबर असला तरी चूक बहुधा तिथेच असते, कारण एका जागेचा पुरावा देणं सोपं आणि उरलेल्या जगात तसं काही नाही याचा पुरावा देणं फार अवघड. ‘अचानक’ आणि ‘थक्क’ हेही तपासावेत. लोणारच्या पाण्याचा रंग याआधीही थोडाफार बदललेला आहे, २०२० मध्ये तो ठळकपणे दिसला इतकंच.

इंग्रजी विकिपीडियाच्या पहिल्या पानावर अशा अनोख्या माहितीचं सदर २००४ पासून चालतं. तिथे प्रत्येक नोंदीला सुमारे २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि ते विधान मूळ लेखात संदर्भासह असावं लागतं. मर्यादा आणि संदर्भ या दोन अटी एकत्र पाळल्या की शोभेचे शब्द आपोआप गळतात. मराठीत फोनवर लिहिताना असं कुणी मोजायला बसत नाही, पण पहिलं वाक्य मोठ्याने एका दमात वाचून पाहिलं तरी काम भागतं.

काही वेळा इतकं सगळं करूनही स्रोत मिळत नाही. जो मजकूर मिळतो तो दुसऱ्या फिरत्या मजकुराची नक्कल असतो आणि दोघांतही कुणाचं नाव नसतं. तेव्हा चौकट लिहू नये. लोणारबद्दल आलेला मजकूर पुढे पाठवणार असाल, तर निदान ‘एकमेव’ खोडा, ५२ हजारांशेजारी २०११ चा आकडा लिहा आणि गुलाबी रंगाचं श्रेय नासाऐवजी पुण्याच्या प्रयोगशाळेला द्या.